मजकूर अर्ध्यात तुटलाय: आहे तेवढ्याचा सारांश द्यायचा, की बाकीचा येईपर्यंत थांबायचं?

एखाद्या खिडकीत लांब दस्तऐवज चिकटवला आणि तिची मर्यादा संपली, की पुढचा मजकूर बहुतेकदा सूचना न देता गळून पडतो. मराठी मजकुराला ही मर्यादा लवकर लागते. मर्यादा बाइटमध्ये मोजली जात असेल, तर UTF-8 मध्ये देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. त्यामुळे ६५,५३५ बाइटच्या रकान्यात जेमतेम बावीस हजार चिन्हं मावतात. तुटल्याची खूण शेवटच्या ओळीत दिसते: वाक्य पूर्णविरामाशिवाय थांबतं, किंवा टोकाला � उमटतं. एक्सेलमधून आलेला मजकूर असेल, तर `=LEN(A1)` चं उत्तर बरोबर ३२७६७ आलं की तो तुटलेला असण्याची दाट शक्यता असते, कारण एका सेलची मर्यादा तेवढीच आहे.

अशा वेळी तीन मार्ग असतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ घेऊन ते ताडून पाहू. समजा, सुरुवातीच्या कलमांच्या यादीसह मजकूर आला आणि कलम ८(१)(एच) च्या मध्यावर, तपासात अडथळा आणणाऱ्या माहितीच्या वाक्यात, तुटला.

पहिला मार्ग: सगळ्या कायद्याचा सारांश द्यायचा, उरलेलं यादीवरून आणि आठवणीतून भरायचं. हा सगळ्यांत धोक्याचा. यादीत ३१ कलमांची नावं दिसतात, त्यामुळे सगळं वाचल्यासारखं वाटतं; पण कलम २० चं 'दंड' हे शीर्षक दिसणं वेगळं आणि दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० ही तरतूद समोर असणं वेगळं. आठवणीतला आकडा बरोबर असला, तरी सारांश वाचणाऱ्याला तो दिलेल्या मजकुरातला वाटतो. मजकूर नंतर दुरुस्त झालेला असेल, तर जुनी तरतूद नवी म्हणून पुढे जाते.

दुसरा मार्ग: मिळालं तेवढ्याचा सारांश, व्याप्ती सांगून. कलम १ ते ७ पूर्ण हाताशी आहेत: अर्जात कारण द्यावं लागत नाही (६(२)), अर्ज दुसऱ्या प्राधिकरणाचा असेल तर पाच दिवसांत तिकडे पाठवायचा (६(३)), माहिती ३० दिवसांत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत (७(१)). अर्ज कसा करायचा एवढंच विचारणाऱ्याला हे पुरतं. अडचण कलम ८ ची. त्यातले अपवाद दिसतात. पण सार्वजनिक हित जास्त असेल तर माहिती देता येते, हे सांगणारं ८(२) तुटलेल्या भागात आहे. 'कलम ८ नुसार ही माहिती मिळत नाही' असं लिहिलं, तर कायदा आहे त्याहून कडक दिसतो.

तुटलेलं वाक्य स्वतः पूर्ण करू नये. तपास चालू असणं एवढ्यावर ८(१)(एच) थांबत नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा यायला हवा. अर्ध्या वाक्यावरून ही अट सहज निसटते.

व्याप्ती कशी सांगावी, इथेच फरक पडतो. 'सुमारे ४० टक्के मजकूर' हे वाक्य जवळपास निरुपयोगी आहे: एकूण लांबी माहीत नसताना टक्के कुठून आले, आणि वाचणाऱ्याला कुठलं कलम सुटलं हे त्यावरून कळत नाही. कलमाचा क्रमांक आणि तुटण्याची जागा द्यावी:

> हा सारांश कलम १ ते ७ आणि कलम ८(१) चे (ए) ते (जी) यांवर आधारित आहे. ८(१)(एच) मध्येच तुटलं आहे, ते घेतलेलं नाही. ८(१)(आय) पासून पुढचा मजकूर मिळालेला नाही. कलम ९ ते ३१ ची फक्त नावं यादीत दिसली. कलम ७(८) अपिलाचा उल्लेख करतं, पण अपिलाची पद्धत या मजकुरात नाही.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. हाती असलेला भागच पुढच्या भागाकडे बोट दाखवत असतो. ७(१) मध्ये कलम ८ आणि ९ या दोन्हींचा हवाला आहे, म्हणजे नकाराची कारणं ८ वर संपत नाहीत. असे हवाले शोधून टिपेत घातले, की नेमकं काय मागायचं ते समोरच्याला कळतं. ही टीप सारांशाच्या वर हवी. तळाशी टाकली, तर सारांश पुढे पाठवताना तीच आधी गळते.

तिसरा मार्ग: थांबून उरलेला मजकूर मागवायचा. वेळ जातो, पण प्रश्न 'अर्ज फेटाळला, आता काय?' असा असेल, तर दुसरा पर्याय नाही. पहिल्या आणि दुसऱ्या अपिलाची मुदत कलम १९ मध्ये आहे, आणि मुदत चुकली तर अपील अडचणीत येतं. मागताना 'पूर्ण पाठवा' म्हटलं, तर तोच मजकूर त्याच जागी पुन्हा तुटतो. '८(१) च्या सुरुवातीपासून पुढचं, दोन भागांत पाठवा' असं सांगावं.

म्हणून निवड प्रश्नावरून करावी. उत्तर पूर्ण आलेल्या कलमांत असेल, तर दुसरा मार्ग लगेच वापरावा. तुटलेल्या किंवा न आलेल्या कलमात असेल, तर तिसरा. दोन्हीकडे असेल, तर दुसऱ्याने सारांश देऊन सोबत तिसऱ्याची मागणी जोडावी. उरलेला भाग आल्यावर तो जुन्या सारांशाखाली नुसता जोडू नये; कलम ८ चा परिच्छेद ८(२) धरून नव्याने लिहावा आणि वरची टीप बदलावी.