कॉफी सुटली, आठ महिने झाले: बार्ली आणि चिकोरीवर कसं निभावलं

छातीतली धडधड वाढली म्हणून डॉक्टरांनी कॅफिन पूर्ण बंद करायला सांगितलं. मी दिवसाला चार कप कॉफी पिणारी. डीकॅफ चालेल का विचारलं, तर तीही नको म्हणाले, कारण तिच्यात थोडंसं कॅफिन उरतंच. पहिले तीन दिवस डोकं भयंकर ठणकलं, मग हळूहळू उतरलं. खरा प्रश्न त्यानंतरचा होता: सकाळी कपात ओतायचं काय?

सुरुवातच फसली. ‘चिकोरी’ असं ठळक अक्षरांत लिहिलेली बरणी घेतली. चव चक्क कॉफीसारखी लागली, मी खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा धडधड. मागची बारीक अक्षरं वाचली तर घटकांत पहिलं नाव कॉफीचंच! बऱ्याच मिश्रणांत चिकोरी नुसती जोडीला असते. तेव्हापासून माझा नियम: चव फारच हुबेहूब लागली की आधी लेबल वाचायचं.

मग निव्वळ चिकोरी आणली आणि सवयीने कॉफीइतकीच घातली, एका कपाला एक भरलेला चमचा. काढा झाला काढा. भाजलेल्या चिकोरीचा पाण्यात उतरणारा भाग कॉफीपेक्षा कितीतरी जास्त असतो, हे नंतर कळलं. आता अर्धा लहान चमचा पुरतो. पहिल्या घोटाला जळक्या साखरेसारखा गोडवा येतो आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडूपणा रेंगाळतो. बिनदुधाची प्यायली तर मातकट वाटते, शेवटी मूळच ते. दूध घातलं की मात्र तोच मातकटपणा कॅरमेलकडे झुकतो. नुसत्या चिकोरीचे तीन कप प्यायले त्या दिवशी पोट गुडगुडत राहिलं. या मुळात इन्युलिन नावाचं तंतुमय द्रव्य असतं. भाजताना त्यातलं काही मोडतं, उरलेलं न पचता मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करतात. म्हणून आता दिवसाला दोनच कप.

बार्लीने मला जास्त सांभाळलं, पण तिला शिकायला महिना गेला. तयार पूड मिळते, तरी घरी भाजलेलीचा वास वेगळाच. दोनशे ग्रॅम दाणे जाड बुडाच्या लोखंडी कढईत, मध्यम आचेवर, हात न थांबवता. आधी दाणे तडतडतात, मग भाजलेल्या पावाचा वास येतो. मी पहिल्यांदा इथेच थांबले आणि हाती आलं पिठूळ, फिकट पाणी. त्यापुढेही भाजत राहायचं. माझ्या कढईला एकूण वीसेक मिनिटं लागतात. रंगावर विसंबू नका, कारण बाहेरून दाणा लवकर काळवंडतो. एक दाणा गार करून दातांनी मधोमध तोडायचा. आत पांढरा ठिपका दिसला तर अजून कच्चा, आरपार गडद तपकिरी असेल तर झाला. धूर डोळ्यांना झोंबू लागला तर उशीर झालाय. भाजून झाल्यावर कढईत ठेवू नका, लगेच ताटात पसरा. तापलेल्या कढईतल्या कढईतच माझा एक घाणा करपला.

दळणं रव्याइतकं जाडसर हवं. मी हौसेने कॉफीसारखं बारीक दळलं, तर स्टार्च सुटून पेज झाली आणि फिल्टर तुंबला. आता दोन मोठे चमचे भरड अडीचशे मिलिलिटर पाण्यात पाच मिनिटं उकळते, दोन मिनिटं झाकून ठेवते आणि गाळते. वास खमंग, चव सौम्य, पण कडूपणा बेताचाच.

म्हणून दोन्ही एकत्र केलं. वजनाने चार भाग बार्ली, एक भाग चिकोरी, आणि भरड दोनऐवजी दीड चमचा. खमंगपणा बार्लीचा, रंग आणि कडवट शेपूट चिकोरीची. दुधात हा कप मला खरंच आवडतो. बिनदुधाचा मात्र कॉफीपुढे सपाट वाटतो, कारण कॉफीतला आंबटपणा आणि तेलाचा गुळगुळीतपणा या दोघांतही नाही. आंबटपणासाठी लिंबाचे थेंब घालून पाहिले. ते करू नका.

कॅरब नावाच्या झाडाच्या शेंगांची पूड एकदा आणली होती. गोडसर, कोकोच्या वळणाची, चांगली लागते, पण तिला कॉफी म्हणणं धाडसाचं. भाजलेलं डँडेलियनचं मूळ चिकोरीच्याच कुळातलं. चव जवळची, कडूपणा जरा धारदार, त्यामुळे दोन्ही घरात ठेवण्यात मला अर्थ वाटला नाही.

ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी बार्लीच्या वाटेला जाऊ नये, भाजल्याने ते जात नाही. रॅगवीड या तणाच्या परागांची ॲलर्जी असेल तर चिकोरी आणि डँडेलियन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, तिन्ही एकाच कुळातली.

बरणीतल्या भाजलेल्या बार्लीचा वास पंधरा दिवसांत उतरतो, म्हणून मी दर दुसऱ्या रविवारी नवा घाणा काढते. दुपारी तीनला येणारी पेंग मात्र यातल्या कशानेच जात नाही. तेव्हा मी सरळ वीस मिनिटं आडवी होते.