मार्केटिंग मेलमधले स्पॅमवाले शब्द काढून परत लिहिणं: सहा-सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट इथल्या लॉज आणि भक्तनिवासांना मेल पाठवून ऑर्डरी घ्यायचं काम माझ्याकडे आहे. `mail-tester.com` वर मेल तपासायचं, त्याप्रमाणे सब्जेक्ट आणि मजकूर परत लिहायचा, असं गेले कित्येक महिने करतोय, तर त्याचा खरा उपयोग कुठं होतो आणि कुठं होत नाही ते सांगतो.

आधी वापर कसा ते. साइट उघडली की एक तात्पुरता पत्ता मिळतो, आपण नेहमी जिथून मेल पाठवतो तिथूनच त्या पत्त्यावर मेल टाकायचं आणि मग १० पैकी मार्क बघायचे. आत स्पॅमअसॅसिन नावाचा जुना, फुकट फिल्टर चालतो. त्याचे शेकडो छोटे नियम आहेत, प्रत्येकाला थोडे पॉइंट, आणि मूळ सेटिंगमधे बेरीज ५ झाली की मेल स्पॅम धरलं जातं. म्हणजे एका शब्दानं सहसा काही होत नाही, बेरजेनं होतं. हे कळलं की ‘हे शंभर शब्द वापरू नका’ छाप याद्या नेटवर फिरतात त्यांचं फार टेन्शन घ्यायचं कारण राहत नाही.

आता आमचंच उदाहरण. पूर्वी एका एजन्सीनं लिहून दिलेलं इंग्रजी मेल जायचं. सब्जेक्ट सगळा कॅपिटलमधे: ‘फ्री सॅम्पल!!! ५०% ऑफ, हरी अप, लिमिटेड टाइम’. आत मजकूर जवळजवळ नाहीच, एक मोठं पोस्टर चिकटवलेलं आणि खाली लहान केलेली लिंक. टेस्टमधे `SUBJ_ALL_CAPS` लागला, `MIME_HTML_ONLY` लागला (म्हणजे मेलसोबत साध्या मजकुराची प्रत नाही), शिवाय फोटो जास्त आणि शब्द कमी यासाठीचा `HTML_IMAGE_ONLY` वाला नियम. बघा, यातला एकही ‘फ्री’ या शब्दाचा नाही. मार्क गेले ते ओरडण्याचे आणि पोस्टरचे.

मग मी काय केलं, तर ऑफर तशीच ठेवली आणि तिच्यावरची विशेषणं काढून त्या जागी माहिती भरली. ‘फ्री सॅम्पल’ म्हणजे नेमकं काय, तर दोन टॉवेल, कुरिअर आमच्याकडून. ‘५०% ऑफ’ हे तर कधी खरं नव्हतंच, २०० नगांच्या वर दर उतरतो एवढंच, मग तो दरच लिहायचा. आणि ‘हरी अप’ च्या जागी खरी तारीख, कारण आषाढीच्या आधी माल लागतोच आणि विणून, धुवून, शिवून द्यायला वेळ जातो. आता जे जातं ते हे:

सब्जेक्ट: लॉजसाठी ५०० जीएसएम टॉवेल, दोन नग बघायला पाठवू का?

मजकूर: ‘नमस्कार, आम्ही सोलापूरला टॉवेल विणतो. ७५ बाय १५० सेंमी, ५०० जीएसएम, म्हणजे एक टॉवेल साधारण ५६० ग्रॅम भरतो, पूर्ण कॉटन. दर नगाला २४० रुपये, २०० नगांच्या वर २२५. दोन नग पाठवतो, तुमच्याच लॉन्ड्रीत पाच-सहा वेळा धुवून बघा आणि मग ठरवा, कुरिअरचा खर्च आमचा. आषाढीच्या आधी माल हवा असेल तर मे अखेरपर्यंत ऑर्डर पक्की लागते. पत्ता याच मेलला उत्तर म्हणून कळवा. पुढं मेल नको असेल तर तेवढं लिहा, यादीतून नाव काढतो.’

पोस्टर नाही, टॉवेलचा एकच फोटो, लिंक एकच आणि ती आमच्याच वेबसाइटची, पूर्ण. लॉजवाल्याला ‘बेस्ट क्वालिटी’ शी काही देणंघेणं नसतं, टॉवेल किती धुण्यात विरतो ते त्याला बघायचं असतं, त्यामुळं वजन आणि धुण्याची गोष्ट लिहिली की समोरून उत्तरं यायला लागली, पूर्वी तर कोणी उत्तरच देत नव्हतं. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. भडक शब्द काढायला बसलं की त्याच्या मागं काही ठोस आहे का ते आपोआप तपासलं जातं.

आता मर्यादा, आणि ही नीट वाचा. स्पॅमअसॅसिनचे शब्दांवरचे बहुतेक नियम इंग्रजीसाठी लिहिलेले आहेत. मराठीत ‘मोफत मोफत मोफत, आजच त्वरा करा’ लिहिलं तरी चांगले मार्क पडू शकतात, आणि देवनागरीत कॅपिटल हा प्रकारच नसल्यामुळं तोही नियम लागत नाही. म्हणून १० पैकी १० आले म्हणजे जीमेलच्या इनबॉक्समधे पोचलं असं अजिबात नाही. जीमेलचा फिल्टर वेगळा आहे, तो मशीन लर्निंगवर चालतो आणि पाठवणारा कोण, लोक त्याच्या मेलचं काय करतात हे पण बघतो. तिथं ‘फ्री’ चं ‘फ्र ी’ किंवा अक्षरांत टिंब, आकडे घुसवायची युक्ती तर मुळीच करू नका, २०२३ मधे गूगलनं असली मोडतोड केलेली अक्षरं ओळखणारी रेटवेक नावाची सिस्टीम जीमेलमधे आणलीय, आणि माणसाला तरी असलं मेल बघून विश्वास वाटेल का.

मग दोष शब्दांचा की दुसरा कशाचा हे ओळखायचं कसं? माझी पद्धत अशी, त्याच पत्त्यावरून दोन ओळींचं साधं मेल, ना ऑफर ना लिंक, अशा जीमेल खात्यावर टाकायचं ज्याच्याशी आपलं आधी कधी बोलणं झालेलं नाही (स्वतःच्या नेहमीच्या खात्यावर टाकून काही कळत नाही, तिथं आपली ओळख झालेली असते). ते पण स्पॅममधे गेलं तर मजकूर कितीही घासा, उपयोग नाही. मेल उघडून `Show original` मधे जा, तिथं `SPF`, `DKIM`, `DMARC`, म्हणजे मेल खरंच आपल्याच डोमेनचं आहे का याच्या तीन तपासण्या, त्यांच्यासमोर `PASS` आहे का बघा, नसेल तर डोमेनवाल्याला बसवून ते आधी करून घ्या. आमच्याकडं `DKIM` चालू केल्यावर जो फरक पडला तो नुसते शब्द बदलून पडला नव्हता. साधं मेल पोचतंय आणि ऑफरवालं नाही, तरच मजकुरात हात घालायचा, आणि तो पण एका वेळी एकच गोष्ट बदलून, आधी लिंक, मग फोटो, मग सब्जेक्ट, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणारच नाही.

विकत घेतलेल्या यादीला मात्र कुठलाच मजकूर वाचवत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं नियम कडक केलेत, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या, म्हणजे हजार मेलमागं तिघांनी बटण दाबलं तरी धोक्याची पातळी आली. आणि जीमेल खात्यांवर दिवसाला ५००० च्या वर मार्केटिंगची मेल जात असतील तर एका क्लिकमधे नाव काढायची सोय पण लागते. तक्रारींचे आकडे गूगलच्या पोस्टमास्टर टूल्स या साइटवर बघायचे असतात, पण आमच्यासारख्या लहान धंद्याला ते तिथं दिसतच नाहीत, कारण मेलची संख्याच कमी पडते, त्यामुळं उत्तरं किती आली आणि ‘नको’ किती आले हेच आम्ही वहीत मांडतो. ज्यांच्याकडं आपला माणूस एकदा जाऊन आलाय किंवा ज्यांनी स्वतः चौकशी केलीय अशांनाच आता मेल जातं. यादी बरीच छोटी झालीय, पण श्रावणासाठी तुळजापूरची जी ऑर्डर आली ती ह्याच यादीतनं आली.