रॉकेट लीगची रांग: जवळचा सर्व्हर, की आपलेच प्लेस्टेशनवाले?

इंदूरमधून रात्री उशिरा रॉकेट लीगची मॅच शोधायला बसलात आणि शोध संपतच नसेल, तर हाताशी दोन मार्ग उरतात. एक, Cross-Platform Play, म्हणजे पीसी किंवा इतर कन्सोलवाल्यांशी खेळणं, बंदच ठेवायचं आणि नुसते प्लेस्टेशनवाले कमी पडतात म्हणून Region मध्ये India बरोबर Asia SE-Mainland लाही टिक करायची. दुसरा, क्रॉसप्ले चालू करून एकट्या India वर राहायचं. मी दोन्ही वापरून झालोय.

सेटिंग उकरण्याआधी त्याच रीजनमध्ये साधी कॅज्युअल ३ विरुद्ध ३ लावून बघा. ती पटकन लागली तर गेम अडकलेला नाही, तुमच्या मोडमध्ये किंवा रँकला माणसंच कमी आहेत. तीही लागत नसेल तर status.epicgames.com बघा आणि तिथे सगळं ठीक असेल तर राउटरकडे वळा.

क्रॉसप्ले बंद ठेवणाऱ्यांना धास्ती असते ती पीसीवाल्यांची. नेमबाजीच्या गेममध्ये माउससमोर कंट्रोलर कमी पडतो, ते खरंच आहे. पण इथे बहुतेक पीसीवालेही कंट्रोलरच धरतात. त्यांचा फ्रेमरेट जास्त असतो, तेवढा फायदा मात्र मान्य करायला हवा.

आता लांबच्या सर्व्हरबद्दल. रांग कमी होते, यात वाद नाही. पण माझ्याकडे पिंग 90 मिलीसेकंदांच्या वर जातो, आणि मग जे होतं त्यानेच माझा निर्णय झाला. गोलसमोर उडी मारून मी बॉल मारतो, तो स्क्रीनवर जाळ्याकडे निघालेलाही दिसतो आणि पुढच्या क्षणी बॉल झपकन मागे, माझ्याच गोलच्या दिशेने! सर्व्हर सेकंदाला 120 वेळा खेळ मोजतो. 90 मिलीसेकंदांत असे जवळपास 11 टप्पे निघून जातात. तोवर तुमचा कन्सोल बॉल कुठे असेल याचा अंदाज बांधून दाखवत असतो. समोरच्याने आधी स्पर्श केलेला असला की अंदाज चुकतो आणि चित्र दुरुस्त होतं. एकट्याने बॉल नेताना हे फारसं जाणवत नाही, दोघे एकदम भिडले की हमखास जाणवतं. India वर पिंग 40 च्या आत असतो, त्यामुळे हा प्रकार क्वचितच होतो.

शिवाय माझा आतेभाऊ पुण्याहून पीसीवर खेळतो. क्रॉसप्ले बंद असेल तर आमची पार्टीच जमत नाही.

तुमचं इंटरनेट वेगळं, रँक वेगळी. तुम्हाला उलट अनुभवही येऊ शकेल. तरी मी आधी क्रॉसप्ले चालू करून बघेन, आणि तरीही रांग हलली नाही तरच दुसरं रीजन जोडेन. Hoops किंवा Dropshot सारख्या मोडना मात्र तसंही गिऱ्हाईक कमी. तिथे दोन्ही टिक कराव्या लागतात. फक्त परत Standard ला येताना ती जादाची टिक काढायला विसरू नका.