पराठ्यावर आई दिसली: वऱ्हाडी बोलून लिहायचं तर कोणता माइक?

वऱ्हाडी माणसाला बोलून मराठी लिहायचं असेल तर आज तीन वाटा आहेत. फोनमधल्या सहायकाला हाक मारून काम सांगायचं, कीबोर्डवरचा माइक दाबून टाइप करून घ्यायचं, किंवा आधी रेकॉर्ड करून ती फाइल संगणकावरच्या, आवाजाचा मजकूर करून देणाऱ्या एखाद्या मुक्त मॉडेलला द्यायची. तिन्ही मी वापरतो. माझी कामं तीन प्रकारची: शेताची नोंदवही, घरी पाठवायचे निरोप, आणि वडील सांगतात त्या जुन्या गोष्टी उतरवून ठेवणं. तुमचं काम वेगळं असेल तर माझा कौल तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

सहायकाचं आधी उरकून टाकतो, कारण त्याच्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ‘बाबाले फोन लाव’ म्हटलं तर तो बहुतेक वेळा बाबांनाच फोन लावतो. ‘बाबाला’ म्हणायची गरज पडत नाही. याचं श्रेय त्याच्या कानाला देण्याआधी थोडं थांबावं. फोन लावायच्या हुकमात त्याला फक्त तुमच्या फोनमधल्या नावांतून निवड करायची असते, आणि त्या यादीत ‘बाबा’च्या जवळपास जाणारं दुसरं नाव नसतं. गजर, टॉर्च, हवामान यांचंही तसंच. पर्याय मोजके असले की उच्चार कसाही चालतो. मात्र त्याला मोकळं वाक्य सांगितलं की पंचाईत होते. भाषांच्या यादीत मराठीसोबत हिंदीही ठेवली असेल तर आणखीच, कारण आपण ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो. ‘पानी पडून रायला’ एवढं ऐकलं की तो सरळ हिंदीत शिरतो आणि पानी पढ़ने वाला कोणीतरी इंटरनेटवर शोधायला लागतो. वऱ्हाडी घरात सहायक ठेवायचा असेल तर भाषा एकच ठेवा, मराठी. बाकी फोन आणि गजर यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा करू नये, असं माझं मत.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. नेहमीचं एक वाक्य घेतो, म्हणजे फरक दिसेल:

‘सकायी वावरात गेलो होतो, पऱ्हाटीवर अयी दिसली, म्हनून फवारा मारून रायलो.’

यात अवघड असं काही नाही. सकाळी शेतात गेलो, कपाशीवर अळी दिसली, म्हणून फवारणी करतो आहे. आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून सकायी आणि अयी. कीबोर्डच्या माइकनं हे असं लिहिलं:

‘सकाळी वावरात गेलो होतो पराठे वर आई दिसली म्हणून फवारा मारून राहिलो.’

पराठ्यावर आई दिसली म्हणून मी फवारा मारला. घरच्या ग्रुपवर हे गेलं तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. पण नीट पाहिलं तर या वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. ‘सकायी’चं ‘सकाळी’ झालं, ते छानच. ‘पऱ्हाटी’ त्याच्या फारशी ओळखीची नसावी, म्हणून त्यानं आवाजानं जवळचा पराठा उचलला. आणि ‘अयी’ला दोन दावेदार होते, अळी आणि आई. मराठी मजकुरात ‘आई दिसली’ हे ‘अळी दिसली’पेक्षा कितीतरी जास्त वेळा येत असणार, तेव्हा आईच जिंकणार. बोलणं ओळखणारी यंत्रणा नुसता आवाज ऐकत नाही, या आवाजांतून कोणतं वाक्य संभवतं याचाही अंदाज बांधते. ज्या मजकुरावर तो अंदाज तयार झाला त्यात बातम्या, भाषणं, वाचून रेकॉर्ड केलेली पुस्तकी वाक्यं जास्त. वावरातली बोली त्यात थोडी.

चौथी गोष्ट लक्षातही येत नाही. ‘मारून रायलो’चं ‘मारून राहिलो’ झालं. अक्षरं शुद्ध, पण आपण ‘जाऊन रायलो’ म्हणतो तेव्हा ‘जातो आहे’ असं म्हणत असतो. पुण्याच्या वाचकाला ‘मावशीकडे जाऊन राहिलो’ यातून मुक्काम कळतो. माझ्या एका निरोपावरून कोणी विचारलंही, किती दिवस राहिलात म्हणून. मी तर अजून बसमध्येच होतो.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. कीबोर्ड मनातून उतरला तो एका बारीक गोष्टीवरून. कीबोर्डचा माइक चालू असताना पडद्याकडे बघत बोला. शब्द येत जातात, पण पक्के होत नाहीत. तुम्ही पुढे बोलता तसे मागचे शब्द हलतात, बदलतात, आणि तुम्ही थांबलात की पूर्ण वाक्य एकदा झटका देऊन बसतं. पुढचं ऐकून मागचं सुधारायची ही सोय आहे आणि ती मुद्दाम ठेवलेली असते. माझ्या वाक्यात मात्र ‘अई’ असं आधी उमटलेलं मी स्वतः पाहिलं. ऱ्हस्व ‘अ’, अगदी मी बोललो तसं. मग ‘दिसली’ आलं, आणि डोळ्यांदेखत ‘अ’ला काना लागला. बरोबर ऐकलं होतं, आणि मग शहाणपणा करून चुकवलं. त्या शहाणपणानं माझं डोकं फिरतं. शेजारी बसून आपलं वाक्य आपल्याआधी पूर्ण करणारे गृहस्थ असतात ना, तसं.

पर्सनल डिक्शनरीत ‘पऱ्हाटी’ घालून पाहिली. बोटांनी टाइप करताना तिचा उपयोग होतो, बोलताना मला तरी फरक जाणवला नाही.

आता तिसरी वाट. आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारत गटाचं इंडिककॉन्फॉर्मर नावाचं मॉडेल आहे. भारतातल्या २२ भाषांसाठी बनवलेलं, फुकट उतरवता येतं, साध्या लॅपटॉपवरही चालतं, जरा दमानं. पायथॉन बसवता येणारं कोणी घरात असेल तर एक संध्याकाळ पुरे. त्याला १६ किलोहर्ट्झचा, एकाच चॅनलचा आवाज लागतो. फोनवरचे आवाजी निरोप तसे नसतात, म्हणून आधी एवढं करावं लागतं:

```
ffmpeg -i nirop.opus -ar 16000 -ac 1 nirop.wav
```

मग मॉडेलला फाइल देताना भाषा `mr` सांगायची आणि मजकूर काढायची पद्धत निवडायची: `rnnt` किंवा `ctc`. माझ्या दृष्टीनं सगळी मेख इथेच आहे. `rnnt` पुढचं अक्षर ठरवताना आधी काय लिहिलं तेही लक्षात घेतं, म्हणून त्याचा मजकूर जास्त सफाईदार. `ctc` आवाजाच्या प्रत्येक छोट्या तुकड्याला अक्षर लावत जातं, आपण आधी काय लिहिलं याची फिकीर न करता. पुस्तकी मराठीसाठी पहिलं बरं. आपल्यासाठी मला दुसरं बरं वाटलं. तेच वाक्य `ctc`नं असं दिलं:

‘सकाई वावरात गेलो होतो पराटीवर अई दिसली म्हनून फवारा मारून रायलो’

शुद्धलेखनाच्या वहीत हे दिलं तर पान लाल होईल. पण वऱ्हाडी माणूस हे एका दमात वाचतो आणि कुठे अडत नाही. ‘पराटी’ चुकलेली आहे हे बघताक्षणी कळतं, आणि ती कशाची चुकलेली आहे हेही कळतं. ‘पराठे’ वाचून ते कळत नाही. तो शब्द अगदी धडधाकट दिसतो, नजर त्यावरून निसटून जाते. महिन्याभरानं नोंदवही उघडली तर ‘अई’वरून मला अळी आठवेल, ‘आई’वरून नाही. ‘बाया निंदाले आल्या’ याचं कीबोर्डवर एकदा बायकांची निंदा असं काहीतरी झालं होतं, आणि त्या दिवशी निंदणाची मजुरी दिली होती की नाही हे मला त्या नोंदीवरून सांगता आलं नाही.

`ctc` म्हणजे कोरी पाटी आहे असं नाही. तेही शिकलेलंच आहे, त्यामुळे ‘मले’चं ‘मला’ तेही अधूनमधून करतं. विरामचिन्हं मला हातानंच घालावी लागतात. मोटारपंप चालू असेल तर कोणतंच मॉडेल नीट ऐकत नाही, तिथे कीबोर्डचा माइक उलट थोडा सरस वाटला. लांब रेकॉर्डिंग तोडून द्यावं लागतं. मी वाक्य संपतं तिथे, अर्ध्या मिनिटाच्या आत तोडतो. आणि हे सगळं नंतर बसून करायचं काम आहे. बांधावर उभं राहून निरोप पाठवायचा असेल तर याचा काही उपयोग नाही.

कीबोर्डच्या बाजूनंही बोललं पाहिजे. तलाठ्याला, बँकेला, शाळेला अर्ज लिहायचा असेल तर त्याची सुधारणा वरदानच आहे. ‘मले’चं ‘मला’, ‘पानी’चं ‘पाणी’ आपोआप होतं, कोणी नाक मुरडत नाही. तिथे मीही तोच वापरतो. फक्त पाठवायच्या आधी तीन जागी बोट ठेवून वाचतो: ‘ळ’ असलेले शब्द, ‘-ले’ लागलेले शब्द, आणि ‘रायलो’. घरच्यांना निरोप द्यायचा असेल तर खरं म्हणजे लिहायच्या भानगडीतच पडू नये, आवाजच पाठवावा.

बोलीसाठी काही होत नाही असंही नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा रेस्पिन प्रकल्पानं नऊ भाषांतल्या बोलींचा आवाज गोळा केला आहे, त्यात मराठी आहे, आणि विषय मुख्यतः शेती आणि बँक व्यवहार. म्हणजे पऱ्हाटी आणि अळी कधीतरी यंत्राच्या कानावर पडतील. कीबोर्डपर्यंत ते पोचेल तेव्हा माझा कौल बदलूही शकतो.

तोवर शेताची वही आणि वडलांच्या गोष्टी मी रेकॉर्ड करूनच उतरवतो. घरात संगणक नसेल किंवा तो चालवणारं कोणी नसेल, तर कीबोर्ड आहेच, उगाच हट्ट करू नये. पण थोडीही सोय असेल तर तिसरी वाट निदान करून पाहावी, आणि मजकूर निघाला म्हणून मूळ आवाज पुसू नये. नवं मॉडेल आलं की तीच फाइल त्याला पुन्हा देता येते, शंका आली तर स्वतः ऐकता येते. कीबोर्डच्या माइकवर बोललेलं आपल्या हाती मजकूर म्हणूनच उरतं, पराठ्यासकट.