भाड्याच्या नुकसानीचं विमा कव्हर: आग लागून गेल्यावर १४ महिन्यांनी

माझा एक गाळा स्टेशनरीच्या दुकानासाठी भाड्याने दिलेला होता. इमारतीच्या आगीच्या पॉलिसीला जोडून मी 'भाडे बुडाल्यास भरपाई' असं कव्हर घेतलं होतं. घेताना फार विचार केला नव्हता. एजंटने फॉर्मवर एक खूण करायला सांगितली, मी केली. पुढे एका रात्री विजेच्या बोर्डातून आग लागली आणि त्या खुणेचा अर्थ मला शब्दाशब्दाने शिकावा लागला.

गाळा तब्बल ७ महिने बंद राहिला. भरपाई मिळाली साडेचार महिन्यांची, आणि तीही जुन्या भाड्याच्या दराने. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही. हे कव्हर नेमकं काय मोजतं हेच मला ठाऊक नव्हतं.

पहिला प्रश्न आला तो आगीबद्दल नव्हता. सर्व्हेअरने भाडेकरार मागितला आणि विचारलं, "साहेब, जागा वापरता येत नसेल तर भाडं थांबतं, असं यात कुठे लिहिलंय?" सुदैवाने तसं कलम होतं. ते नसतं तर "भाडेकरू अजूनही तुमचं भाडं देणं लागतो, मग तुमचं बुडालं काय?" हा त्यांचा पुढचा प्रश्न झाला असता, आणि उत्तर देणं मला जड गेलं असतं. करारासोबत मी वर्षभराचं बँक स्टेटमेंट दिलं, त्यामुळे भाडं खरोखर येत होतं यावर वाद झाला नाही.

दुसरी अट म्हणजे जागा निकामी झाली पाहिजे, आणि तीही इमारतीच्या नुकसानीमुळे. नुसता भाडेकरूचा माल जळाला आणि त्याने धंदा बंद ठेवला, तर हे कव्हर लागू होत नाही. आमच्याकडे छताचा गिलावा गळून पडला होता, शटर वाकलं होतं, वायरिंगचा कोळसा झाला होता. तरी "रंग मारून, वायर बदलून चालणार नाही का?" असं विचारलं गेलंच. इथे इंजिनीअर कामी आला. गिलावा पडलेल्या ठिकाणी स्लॅबच्या काँक्रीटला गुलाबी छटा आली होती. त्याने सांगितलं की काँक्रीट साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापल्याची ती खूण असू शकते, म्हणून स्लॅबमधून कोअर, म्हणजे नमुन्याचा गोल तुकडा, काढून ताकद तपासल्याशिवाय खाली कोणाला उभं करू नका. त्याने तसं लेखी दिलं, स्लॅबला टेकू लावले आणि निकामीपणाचा मुद्दा तिथेच मिटला. तुमच्यावर अशी वेळ आली तर साफसफाईच्या आधी फोटो काढा. काळवंडलेली भिंत काही सांगत नाही, गिलाव्याखालचं काँक्रीट सांगतं.

आता मुख्य गोष्ट. गाळा किती दिवस बंद होता हे हे कव्हर मोजत नाही. तो पूर्ववत करायला किती काळ लागणं आवश्यक होतं, ते मोजतं. माझ्या पॉलिसीत वाक्य असं होतं की, भाड्यासाठी जितक्या मुदतीचा विमा उतरवला आहे त्या मुदतीशी दुरुस्तीच्या आवश्यक काळाचं जे प्रमाण येईल, विमा रकमेच्या तेवढ्याच भागापर्यंत भरपाई मिळेल. हे वाक्य मी आगीनंतर पहिल्यांदा वाचलं!

माझे ७ महिने कसे गेले ते सांगतो. पहिला महिना जळका माल तसाच पडून होता, कारण भाडेकरूच्या विमा कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत तो हात लावू देईना. दुसऱ्या महिन्यात स्लॅबच्या चाचण्या आणि खर्चाचा अंदाज झाला. मग दोन महिने मी इमारतीच्या क्लेमचे पैसे हाती येण्याची वाट पाहिली, कारण ठेकेदाराला आगाऊ द्यायला माझ्याकडे नव्हते. प्रत्यक्ष काम अडीच महिने चाललं. शेवटचा अर्धा महिना वीज तपासणी आणि जोडणीत गेला.

सर्व्हेअरने चाचण्या, काम आणि वीजजोडणी धरून ४ महिने मान्य केले. पैशांची वाट पाहण्याचे दोन महिने सरळ वगळले. "पैसे नव्हते म्हणून काम थांबलं, इमारतीला तेवढा वेळ लागत नव्हता," असं त्याचं म्हणणं. ऐकायला कडू होतं, पण पॉलिसीची भाषा त्याच्याच बाजूने होती. पहिल्या महिन्यासाठी मात्र मी भांडलो. माल माझा नव्हता, तो परस्पर हलवला असता तर भाडेकरूच्या क्लेमचा पुरावा गेला असता, आणि गाळा मोकळा झाल्याशिवाय कोअर काढायला मशीन आत जाणार नव्हतं. तारखांसह पत्र दिलं, भाडेकरूला मी पाठवलेले निरोप जोडले. त्यावर अर्धा महिना वाढवून मिळाला. निरोप फोनवर न देता लिहून पाठवले होते म्हणून तेवढं तरी पदरात पडलं.

हिशोब सोपा करण्यासाठी महिन्याचं भाडं १०० धरा. माझा विमा ६ महिन्यांचा होता, म्हणजे विमा रक्कम ६०० हवी होती. पण ती भाडं ८० असताना ठरली होती आणि दर वर्षी मी तोच आकडा पुढे ढकलत गेलो, म्हणून ती ४८० च राहिली. साडेचार भागिले सहा गुणिले ४८० म्हणजे ३६०. माझं प्रत्यक्ष बुडालं ७००. रक्कम वेळेवर वाढवली असती तर ४५० मिळाले असते. म्हणजे ९० चा फटका निव्वळ माझ्या आळसाचा.

गंमत अशी की १२ महिन्यांची मुदत घेतली असती तरी या आगीत जास्त काही मिळालं नसतं. १२ महिन्यांसाठी १२०० ची रक्कम धरली तरी साडेचार भागिले बारा गुणिले १२००, म्हणजे ४५० च. लांब मुदतीचा उपयोग दुरुस्तीच ६ महिन्यांच्या पुढे जाणार असेल तेव्हा होतो, उदाहरणार्थ स्लॅब पाडून नवा घालायचा असेल तर. जुन्या इमारतीत ती शक्यता खरी असते, म्हणून या खेपेला मी १२ महिन्यांची मुदत घेतली आहे. हप्ता वाढला, पण चालेल.

आणखी एक भोक आहे. गाळा तयार झाला तोवर भाडेकरूने दुसरीकडे बस्तान बसवलं होतं. नवा मिळायला दोन महिने गेले, त्याचं काहीच मिळालं नाही. माझ्या प्रकारच्या कव्हरमध्ये दुरुस्ती संपली की मीटर बंद. भाड्याचं उत्पन्न पुन्हा सुरू होईपर्यंत, ठरलेल्या कमाल मुदतीच्या आत, भरपाई देणारी वेगळ्या धाटणीची पॉलिसीही असते. ती महाग पडते आणि एका गाळ्यासाठी मला परवडण्यासारखी वाटली नाही.

गुण द्यायचे तर पाचपैकी तीन. एक मी इमारतीच्या क्लेमच्या दिरंगाईसाठी कापला, कारण ती झाली कंपनीकडून आणि तिचे दोन महिने वगळले गेले माझ्या हिशोबातून. दुसरा त्या एजंटचा. नूतनीकरणाच्या वेळी या वर्षी मीच त्याला चालू भाडेकरार पाठवला आणि विमा रक्कम त्यावरून काढायला लावली. त्याने आधी जुनाच आकडा भरून पाठवला होता.