ग्राहकाची चॅट: स्क्रीनशॉट की एक्सपोर्ट?

व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर ग्राहकाशी ठरलेला सौदा दुकानदाराने पुरावा म्हणून कसा जपायचा? स्क्रीनशॉट पटकन निघतो, पण त्यावर तारखेऐवजी अनेकदा ‘आज’ किंवा ‘काल’ एवढंच दिसतं. वर्षभराने नुसत्या त्यावरून नेमका दिवस कळत नाही. एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक मेसेजला तारीख-वेळ असते आणि मजकूर शोधता येतो. तिथे अडचण वेगळी: ग्राहकाचा नंबर सेव्ह असेल तर फाइलमध्ये फक्त नाव येतं. म्हणून फाइलच्या नावातच बिल क्रमांक घाला, उदाहरणार्थ `2024-03-10_B0457_mixer`. फोटो हवे असतील तर मीडियासह एक्सपोर्ट करा. आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील, तर सौदा झाला त्याच दिवशी एक्सपोर्ट करा.

आमचं मत एक्सपोर्टच्या बाजूने आहे. स्क्रीनशॉट फक्त जोडीला.

किती काळ ठेवायचं? १० मार्च २०२४ ला दोन वर्षांच्या वॉरंटीने विकलेल्या मिक्सरची तक्रार ५ मार्च २०२६ ला आली, तर वॉरंटी १० तारखेला संपली तरी तक्रार मिटेपर्यंत फाइल पुसू नका. किंमत, सूट किंवा परतावा चॅटवर ठरला असेल, तर ती चॅट बिलाचाच भाग समजा आणि करकायद्यातल्या मुदतीइतकी ठेवा. ही मुदत बऱ्याच ठिकाणी विक्रीपासून नव्हे, विवरणपत्रापासून मोजतात. नुसती चौकशी मात्र लवकर पुसा. ग्राहकाची माहिती विनाकारण साठवू नये.