जुना राउटर: रिसेटनंतरही काय शिल्लक राहतं ते बघा

नवी पेठेतल्या एका दुकानातून जुना ड्युअल बँड राउटर घेतला, त्याला आता सहा-एक महिने होऊन गेले. जुळे सोलापुरातल्या घरात एप्रिल-मेचा उन्हाळाही त्यानं बिनतक्रार काढला. रेंज चांगली आहे, स्पीडही पुरतं. पण मला सांगायचंय ते चालू करण्याआधीच्या तपासणीबद्दल.

दुकानदार म्हणाले, "रिसेट मारूनच दिलाय, बिनधास्त लावा." घरी इंटरनेटची वायर न जोडता नुसता अडॅप्टर लावला, तर मोबाईलवर कुठल्याशा मेडिकलच्या नावाचं वायफाय दिसलं. म्हणजे रिसेट झालेलाच नव्हता. खालच्या स्टिकरवरचा पासवर्डही चालेना. मग मागच्या बारीक भोकात पिन घालून सगळे दिवे एकदम लुकलुकेपर्यंत, साधारण दहा सेकंद, दाबून धरली. त्यानंतर 192.168.0.1 वर स्टिकरवरच्या पासवर्डनं आत जाता आलं. लगेच तो बदलला.

बहुतेक जण इथेच थांबतात. रिसेटनं सेटिंग मूळ स्थितीत येतात खरी, पण ती मूळ स्थिती राउटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेली असते. एखाद्या इंटरनेट कंपनीनं ग्राहकाला दिलेला राउटर असेल, तर त्या कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता रिसेटनंतरही तसाच परत येतो. माझ्याकडे तेच झालं. इंटरनेट जोडणीचं, म्हणजे PPPoE चं यूजरनेम पुसलं गेलं होतं, DHCP मधला DNS कोरा होता, रिमोट मॅनेजमेंट बंद होतं. पण CWMP, म्हणजे कंपनीनं लांबून राउटर सांभाळायची सोय, तिच्या पानावर ACS URL मध्ये एका कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता भरलेला आणि ती सोय चालू! या वाटेनं कंपनीला लांबूनच सेटिंग बदलता येतात, फर्मवेअरही टाकता येतं. आपण त्यांचे ग्राहक नसताना ही वाट उघडी कशाला ठेवायची? ती बंद केली, सेव्ह केलं आणि राउटर बंद-चालू करून पुन्हा पाहिलं. बंदच होती. मधूनमधून बघतो, लाईट जाऊन आल्यावरही ती बंदच राहिली आहे. काही कंपन्यांच्या फर्मवेअरमध्ये हे पानच लपवलेलं असतं. तसला राउटर मी तरी घेणार नाही, त्यामुळे दुकानातच लावून बघायला सांगा.

फर्मवेअर जुनं होतं. स्टिकरवर मॉडेलपुढे V2, V3 असं छापलेलं असतं, नेमकी त्याच आवृत्तीची फाईल बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्यायची. चुकीची टाकली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. अपडेट वायफायवरून न करता लॅन केबलनं केलं, आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवून, कारण मध्येच लाईट गेली तरी तोच धोका. अपडेटनंतर CWMP परत तपासलं.

शेवटी वायर जोडली, आपलं यूजरनेम-पासवर्ड टाकलं, तरी नेट येईना. आमच्या केबलवाल्यांकडे खात्याला माझ्या आधीच्या राउटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, बांधलेला होता. फोन केल्यावर त्यांनी तो काढला आणि लगेच लाईन चालू झाली.